घटनेच्या पुस्तिकेतून सभासदत्व, कोरम आणि निवडणुकीचे नियम कसे काढावेत?

प्रश्न: "मी नागपूरच्या महाल भागातल्या एका नोंदणीकृत वाचनालय संस्थेच्या कार्यकारिणीवर नुकतीच सहसचिव म्हणून निवडून आले. सचिवांनी घटनेची छापील पुस्तिका हातात दिली आणि सभासदत्व, कोरम व निवडणूक यांचे नियम दोन पानांत काढून द्या म्हणाले. दोनदा वाचली. एकाच गोष्टीबद्दल तीन ठिकाणी तीन वाक्यं आहेत. त्यात आमच्या वार्षिक सभेत कोरम होता की नव्हता यावरच वाद सुरू आहे. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

ताई, पुस्तिका आधी बाजूला ठेवा. नागपुरात संस्थांच्या बदल अर्जांची आणि सभांच्या कागदपत्रांची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. छापील पुस्तिका आणि नोंदलेली घटना यांत फरक निघाला, असं इतक्यांदा झालंय की आता पुस्तिकेवरून मी कुणाला काहीच सांगत नाही.

तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे असं धरतो. महाराष्ट्रात अशा संस्थेची दुसरी नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही असते आणि तिचा क्रमांक 'एफ' अक्षराने सुरू होतो. लेटरहेडवर हे दोन्ही क्रमांक सापडतील. ते नसतील आणि संस्था सहकार कायद्याखालची निघाली, तर पुढचं काही लागू करू नका. तिथले उपविधी आणि तिथली निवडणूक, दोन्ही वेगळ्या वाटेने जातात.

एफ क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा. मूळ घटना, तिच्यात आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या दुरुस्त्या आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्त व्यवस्थांच्या नोंदवहीचा उतारा, अशा तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. नक्कल हातात आली की पुस्तिका शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहा. शहरातल्या एका संस्थेच्या पुस्तिकेत कार्यकारिणीची मुदत पाच वर्षं छापली होती आणि नकलेत तीन. दुरुस्तीचा ठराव सभेत झाला होता, पुस्तिकाही छापून आली होती, पण कार्यालयात त्याची नोंद कधी झालीच नव्हती. चौथ्या वर्षी कुणीतरी हरकत घेतली तेव्हा हे उघड झालं. आमच्या ओळखीचे एक जुने कारकून म्हणायचे, "काऊन घाई करता बाप्पा, आधी नक्कल तर पाहा."

जुन्या संस्थांबाबत आणखी एक. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होतं. त्या काळातल्या इथल्या संस्थांच्या घटना पुष्कळदा इंग्रजीत किंवा हिंदीत असतात आणि मराठी पुस्तिका हे नंतर कुणीतरी केलेलं भाषांतर असतं. तसं असेल तर नोंदणीला जी भाषा आहे तीच धरा. "एकूण सभासद" आणि "हजर सभासद" यांतला फरक भाषांतरात हरवलेला मी पाहिला आहे, आणि कोरमचा वाद नेमका या दोन शब्दांवरच उभा राहतो.

आता वाचन. तुम्ही बहुधा सभासदत्वाचं प्रकरण, मग सभांचं, मग निवडणुकीचं अशा क्रमाने वाचलंत. म्हणून एकाच गोष्टीची तीन वाक्यं तुम्हाला तीन नियमांसारखी दिसली. खरं तर ती एकाच साखळीच्या कड्या आहेत. सभासद कोण हे ठरलं की एकूण आकडा ठरतो, त्या आकड्यावरून कोरम निघतो, आणि कोरम झाला तरच निवडणूक टिकते. कोरमचं कलम एकट्याने वाचलं तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. "एक तृतीयांश" एवढंच कळतं, कशाच्या एक तृतीयांश ते कळत नाही.

एक वही घ्या आणि चार रकाने आखा: कलम क्रमांक, नकलेतले शब्द जसेच्या तसे, मला समजलेला अर्थ, शंका. दुसऱ्या रकान्यात शब्द सोपे करायचे नाहीत. नकलेत "मतदानास पात्र सभासद" असेल तर तेच लिहा, नुसतं "सभासद" नको. मग सगळी घटना पेन्सिल घेऊन फक्त काही शब्दांसाठी वाचा: सभासद, सदस्य, पात्र, मतदान, वर्गणी, थकबाकी, एकूण, हजर, तहकूब, सूचना, मुदत. जिथे यातला शब्द आला ती ओळ वहीत उतरवा, मग ती कोणत्याही प्रकरणात असो. मतदानाचा हक्क काढून घेणारं वाक्य पुष्कळदा सभासदत्वाच्या प्रकरणात नसतंच. ते वर्गणीच्या कलमाच्या शेवटी किंवा निवडणुकीच्या एखाद्या पोटकलमात दडलेलं असतं.

सभासदत्वाबद्दल तीन गोष्टी शोधायच्या: वर्ग किती आहेत, कोणत्या वर्गाला मत आहे, आणि मत असलेला माणूस ते कधी गमावतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीबाबत घटना गप्प असली तरी कायदा गप्प नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सभासदाची व्याख्या आहे आणि तिच्या शेवटी म्हटलं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मत देता येणार नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजलंही जाणार नाही. यातल्या "मोजलंही जाणार नाही" या शब्दांवरून बहुतेकांची नजर घसरते. थकबाकीदाराला मत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोरम काढताना तो एकूण आकड्यातूनही वजा करावा लागतो हे लक्षात राहत नाही.

इथे दोन गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे तीन महिने कधीपासून मोजायचे. ते तुमच्या घटनेत वर्गणी भरण्याची शेवटची तारीख काय आहे त्यावर ठरतं. ती ३० एप्रिल असेल तर चालू वर्षाचा थकबाकीदार ३० जुलैनंतर बाद होतो. जुलैच्या मध्यावर सभा झाली तर तो आत आणि ऑगस्टमध्ये झाली तर बाहेर, मग माणूस तोच असो. तारीखच दिलेली नसेल तर ते शंकेच्या रकान्यात लिहा. दुसरी गोष्ट अशी की काही घटनांमध्ये सहा महिन्यांची किंवा वर्षाची सवलत असते. मग कायदा आणि घटना यांच्यात ओढाताण होते. अशा वेळी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून वकिलाला दाखवा, स्वतः निवाडा करू नका. आणि थकबाकीमुळे मत जाणं व सभासदत्वच संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव कमी करायला घटनेत नोटीस, खुलासा, ठराव अशी रीत सांगितली असेल तर ती पाळावीच लागते. नुसती रजिस्टरात लाल रेघ मारून भागत नाही.

आता एक हिशेब मांडतो. संस्था नागपुरातलीच आहे, ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत. वार्षिक सभा १७ ऑगस्टला झाली, तिच्यात निवडणूक झाली, आणि महिनाभरात कोरमवरून भांडण लागलं. तुमच्यासारखंच.

रजिस्टरवर २१४ नावं होती: आजीव ७१, सामान्य १२६, मानद ८ आणि आश्रयदाते ९. घटनेत कोरम "सभासदसंख्येच्या एक तृतीयांश" असा होता. हजेरी वहीत ५३ सह्या होत्या. हरलेल्या गटाचं म्हणणं होतं की २१४ चे एक तृतीयांश म्हणजे ७२, सह्या ५३, म्हणून सभाच झाली नाही. निवडून आलेला गट म्हणत होता की थकबाकीदार आणि वारलेले काढले की कोरम पन्नासच्या आत येतो, म्हणून सभा झाली. दोन्ही गट आपापल्या परीने घटना वाचूनच बोलत होते.

आम्ही वही काढून बसलो. आजीव सभासदांपैकी १४ जण हयात नव्हते, फक्त त्यांची नावं कुणी काढली नव्हती. राहिले ५७. सामान्य सभासदांपैकी ४७ जणांची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली होती. राहिले ७९. आश्रयदात्यांना घटनेने सामान्य सभासदांचे सर्व हक्क दिले होते आणि त्यांची देणगी एकरकमी असल्यामुळे थकबाकीचा प्रश्न नव्हता, म्हणून ९. मानद सभासदांना "मतदानाचा अधिकार राहणार नाही" असं स्पष्ट लिहिलं होतं. ते सोडले तर ५७, ७९ आणि ९ मिळून १४५ झाले. त्याचे एक तृतीयांश ४८.३३, म्हणजे कोरम ४९. माणसं अपूर्णांकात येत नाहीत, त्यामुळे नेहमी वरचा पूर्ण आकडा घ्यायचा.

५३ सह्या आणि ४९ कोरम. निवडून आलेला गट खुश झाला. पण तोवर फक्त एकूण आकडा चाळला होता. तीच चाळणी हजेरी वहीलाही लावायला हवी होती. लावली तेव्हा दिसलं की सही करणाऱ्यांत ५ थकबाकीदार होते आणि २ मानद. म्हणजे मोजता येतील असे ४६. कोरम तीनने कमी पडला.

मग कुणीतरी म्हणालं, मानद सभासदांना मत नाही, पण कोरममध्ये ते मोजायला काय हरकत आहे? मुद्दा अगदीच चूक नव्हता, कारण त्यांच्या घटनेत "सभासदसंख्या" असं होतं, "मतदानास पात्र सभासदसंख्या" असं नव्हतं. तसंही करून पाहिलं. १४५ मध्ये ८ मिळवले की १५३, कोरम ५१. हजेरीत २ मानद परत आले की ४८. तरीही तीनने कमीच. म्हणजे कोणत्याही एका अर्थाने नीट मोजलं तरी कोरम नव्हता. तो "झाला" असं वाटत होतं, कारण एकूण आकडा चाळलेला होता आणि हजेरीचा न चाळलेला. तुमच्या सभेचा वादही याच जागी अडकला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दोन्ही अर्थांनी, पण प्रत्येक वेळी एकच चाळणी दोन्हीकडे लावून मोजा.

कोरम नव्हता म्हणजे लगेच सगळं बाद, असंही नाही. बहुतेक घटनांत तहकूब सभेचं कलम असतं: कोरम नसल्यास सभा तहकूब करावी, ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. हे कलम तुमच्या दोन पानांत कोरमच्या लगेच खाली यायला हवं. पण त्यातही तीन बारकावे बघा. तहकूब सभा त्याच दिवशी घेता येते का, की पुढची तारीख आणि नवी सूचना लागते? तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात का? आणि निवडणूक किंवा घटनादुरुस्ती या सवलतीतून वगळली आहे का? वर सांगितलेल्या संस्थेत तहकुबीची सवलत होती, निवडणूकही वगळलेली नव्हती. पण इतिवृत्तात "कोरम पूर्ण असल्याने सभेस सुरुवात झाली" असं लिहून मोकळे झाले होते. तहकुबीची वेळ नाही, पुन्हा सुरू झाल्याची नोंद नाही. अर्धा तास थांबून एक ओळ लिहिली असती तर वाद उरलाच नसता. आता मागाहून ती ओळ घुसडणं हा त्यावर उपाय नव्हता, तो खोटा दस्तऐवज झाला असता.

कार्यकारिणीच्या सभेचा कोरम वेगळा असतो, त्याची सरमिसळ करू नका. तिथे एवढंच पाहा की आकडा मंजूर जागांवर आहे की भरलेल्या जागांवर. अकराच्या समितीत निम्मे म्हणजे सहा. दोन जागा रिकाम्या असतील आणि घटना "विद्यमान सदस्य" म्हणत असेल तर नवाचे निम्मे, म्हणजे पाच.

निवडणुकीचं प्रकरण वाचताना मी नेहमी सभेच्या तारखेपासून मागे मागे येतो. आधी सूचनेचे दिवस. घटनेत "पूर्ण १५ दिवस" किंवा "निव्वळ १५ दिवस" असेल तर सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजायचे. १७ ऑगस्टच्या सभेसाठी २ ऑगस्टला सूचना टाकली तर मधले दिवस ३ ते १६, म्हणजे चौदाच. सूचना १ तारखेलाच जायला हवी होती. मग पाठवायची रीत बघा: हातोहात, टपालाने की फलकावर. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली सूचना घटनेत बसते का, हे तिच्या शब्दांवर आहे. जुन्या घटनांमध्ये ती सहसा बसत नाही. मी दोन्ही करायला सांगतो, गटावरही टाका आणि घटनेत सांगितलेल्या रीतीनेही पाठवा, पोचपावत्या जपा.

त्याच्या मागे मतदार यादीची तारीख. काही घटनांत "सभासद होऊन एक वर्ष पूर्ण झालेल्यास" मत असतं, काहींत उमेदवार व्हायलाच ही अट असते आणि मतदाराला नसते. सूचक आणि अनुमोदक यांनाही अट लागते का ते बघा. थकबाकीदाराने अनुमोदन दिलेला अर्ज पुढे वादात सापडतो. निवडणूक अधिकारी कोण नेमतो, बिनविरोध झाल्यास काय, समसमान मतं पडल्यास चिठ्ठी की अध्यक्षांचं जादा मत, हे प्रत्येकी एका ओळीत येईल.

मुदतीचं कलम मात्र सावकाश वाचा. "मुदत तीन वर्षे राहील" आणि "मुदत तीन वर्षे अथवा नवीन कार्यकारिणी कार्यभार घेईपर्यंत राहील" यांत फार अंतर आहे. निवडणूक वादात पडली तर नवी सभा कोण बोलावणार, हे दुसऱ्या वाक्याच्या शेपटीवर ठरतं. ती शेपटी नसेल आणि जुन्या समितीची मुदतही उलटली असेल, तर ते काम वकिलाकडेच न्या.

जिथे घटना काहीच बोलत नाही तिथे तुमच्या दोन पानांत "घटनेत तरतूद नाही" असंच लिहा. "आमच्याकडे असंच चालत आलंय" हे सचिव सांगतीलही, ते वेगळ्या शाईने 'प्रथा' म्हणून लिहा, नियमांत मिसळू नका. आणि कार्यकारिणीने ठराव करून कोरम कमी केला असेल तर तो ठराव बाजूला ठेवा. घटना बदलायची तर ती घटनेत सांगितलेल्या पद्धतीने, सर्वसाधारण सभेतूनच बदलते. संस्थेचा उद्देश बदलायचा असेल तर त्याला १८६० च्या कायद्याच्या कलम १२ ची आणखी कडक रीत आहे: विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितकीच. तो तुमचा आजचा विषय नाही, पण कुणी दोन्हींत गल्लत केली तर ओळखू यावी म्हणून सांगितलं.

दोन पानं लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी कलम क्रमांक टाका आणि वर लिहा: अमुक तारखेच्या प्रमाणित नकलेवरून. एका पानावर सभासदत्वाच्या खाली लगेच कोरम येऊ द्या, म्हणजे वाचणाऱ्याला कशाचे एक तृतीयांश हे पान न उलटता दिसेल. दुसऱ्यावर निवडणूक, सभेच्या तारखेपासून मागे. शंकेचा रकाना वेगळ्या कागदावर ठेवा, तो कार्यकारिणीपुढे मांडायचा आहे.

राहता राहिला तुमच्या सभेचा वाद. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो. सभा १७ ऑगस्टला झाली असेल तर १५ नोव्हेंबरपर्यंत. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो, म्हणून आधी घड्याळ बघा. या मुदतीत हजेरी वही, वर्गणीच्या पावत्यांचं पुस्तक आणि रजिस्टर एका टेबलावर मांडून वरची मोजणी करा, दोन्ही गटांतला एकेक माणूस समोर बसवून. कोरम भरला तर मोजणीचा तक्ता अर्जाला जोडा. नाही भरला आणि तहकुबीची नोंदही नाही, तर माझा सल्ला असा की आहे तोच अर्ज रेटू नका. हरकत आली की चौकशी वर्षानुवर्षं चालते आणि तोवर बँक सह्या बदलून द्यायला तयार नसते. मुदतीत बसत असेल तर रीतसर सूचना काढून सभा पुन्हा घ्या. त्या सभेला दाराशी रजिस्टर आणि पावती पुस्तक घेऊन कुणाला तरी बसवा, आणि सही घेण्याआधी प्रत्येकाचं नाव यादीशी ताडून घ्यायला सांगा.